तयार नकाशा थरांसह व्हेक्टर पीडीएफमध्ये कसा काढावा: देवनागरी नावे आणि रेषा शाबूत ठेवून

क्यूजीआयएसमध्ये नकाशा पूर्ण झाला, तरी पुस्तकात, भित्तिपत्रकात किंवा माहितीफलकावर जाण्यापूर्वी तो बहुतेक वेळा चित्रकाराच्या किंवा मांडणीकाराच्या हाताखालून जातो. त्याला नद्यांचा निळा रंग थोडा गडद करायचा असतो, एखादे नाव दोन मिलिमीटर वर सरकवायचे असते आणि शीर्षक आपल्या पसंतीच्या वळणात बसवायचे असते. आपण पाठवलेली पीडीएफ त्याने इंकस्केप किंवा इलस्ट्रेटरमध्ये उघडली, की तीनपैकी एक तक्रार हमखास येते. सगळा नकाशा एकच सपाट चित्र निघतो, किंवा रेषांचे शेकडो तुकडे हाती लागतात, किंवा ‘सिंहगड’ हे नाव ‘िसंहगड’ असे दिसते. या तिन्ही बिघाडांचे मूळ निर्यातीपूर्वीच्या मांडणीत असते आणि तेथेच त्यांचा बंदोबस्त करावा लागतो.

उदाहरणासाठी राजगड, तोरणा आणि सिंहगड या किल्ल्यांच्या परिसराचा नकाशा घेऊ. कागद आडवा ए३, म्हणजे ४२० × २९७ मिलिमीटर. नकाशाची चौकट ३८० × २७० मिलिमीटर आणि प्रमाण १:७५,०००. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ७५ मीटर होतात आणि चौकटीत सुमारे साडेअठ्ठावीस किलोमीटर रुंद व वीस किलोमीटर उंच प्रदेश मावतो, म्हणजे तिन्ही किल्ले, वेल्हे गाव आणि पानशेतचे धरण एकत्र दिसतात. प्रक्षेपण `EPSG:32643`, म्हणजे पुण्याच्या भागाला लागू असलेला यूटीएमचा ४३ उत्तर हा पट्टा. थर सहा आहेत: डोंगरछाया, ५० मीटर अंतराच्या समोच्च रेषा, नद्या व जलाशय, रस्ते, गावे आणि किल्ले.

पहिली पायरी: नकाशा चित्र का बनतो ते ओळखणे

नवख्या माणसाला सर्वांत जास्त छळणारा दोष हाच असल्यामुळे तो आधी घेतो. डोंगरछायेचा थर उठावदार दिसावा म्हणून आपण त्याला बहुधा `Multiply` ही मिश्रणपद्धत देतो. या एका निवडीमुळे साध्या पीडीएफ निर्यातीत केवळ तो थर नव्हे, तर नकाशाची संपूर्ण चौकट चित्ररूप होऊ शकते. कारण असे की, ज्या चौकटीतल्या एका जरी थराला मिश्रणपद्धत, थरपातळीवरची पारदर्शकता किंवा सावली-चमक यांसारखा परिणाम दिलेला असतो, ती चौकट पडद्यावर दिसते तशीच उतरावी म्हणून क्यूजीआयएस ती आधी ठिपक्यांत रंगवतो आणि मग ते चित्र पीडीएफमध्ये ठेवतो. नद्या, रस्ते, नावे सगळे त्या चित्रात मुरून जाते. फाइल उघडते, छापतेही सुरेख. पण तिच्यात संपादन करण्यासारखे काही उरलेले नसते.

म्हणून प्रत्येक थराच्या गुणधर्मांत `Symbology` या पानाच्या तळाशी असलेला `Layer Rendering` हा भाग उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. `Opacity` १०० टक्के असावी, `Blending mode` च्या दोन्ही खिडक्यांत, म्हणजे थरासाठी आणि त्यातल्या आकारांसाठी, `Normal` असावे आणि `Draw effects` समोरची खूण काढलेली असावी. नावांच्या मांडणीतही मिश्रणपद्धत आणि सावली असू शकते, तेव्हा लेबलांच्या पानावरचे `Shadow` बंद करावे. जलाशयाचा निळा रंग फिकट हवा असेल, तर थराची अपारदर्शकता कमी करण्याऐवजी चिन्हाच्या रंगातच अपारदर्शकता कमी करावी. डोळ्यांना परिणाम जवळपास तसाच दिसतो, पण आकार व्हेक्टरच राहतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे सरळ फिकट निळा रंग निवडणे. मी स्वतः तेच करतो.

या अडचणीवर `Always export as vectors` नावाचा एक जालीम उपाय आहे आणि तो वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. ही खूण केली की मिश्रणपद्धत असली तरी सगळे व्हेक्टर म्हणूनच बाहेर पडते, परंतु ज्यासाठी ती पद्धत दिली होती तो देखावा बिघडू शकतो. प्रथम थर स्वच्छ करावेत आणि ही खूण पहारेकऱ्यासारखी शेवटी ठेवावी, हा क्रम बरा.

डोंगरछाया मात्र कितीही स्वच्छ केली तरी मुळात ठिपक्यांचीच आहे, ती रेषा होणार नाही. तिला या निर्यातीतून बाहेर काढावे आणि स्वतंत्र चित्र म्हणून न्यावे, हा माझा आग्रह आहे. त्यासाठी थरांच्या पटलावरच्या डोळ्याच्या चिन्हातून दोन थीम तयार कराव्यात. एकीत फक्त डोंगरछाया आणि दुसरीत बाकीचे पाच थर ठेवावेत. मुद्रण मांडणीत नकाशाची चौकट निवडून `Follow map theme` मध्ये आळीपाळीने एकेक थीम लावली, की कागदाचा आकार व चौकटीची जागा तीच राहून दोन निर्याती मिळतात आणि संपादकात त्या एकमेकींवर तंतोतंत बसतात. मिश्रणपद्धत मग तेथे, चित्रकाराच्या हाताने देता येते. दोन्ही निर्यातींच्या मध्ये नकाशा सरकवू नये किंवा प्रमाण बदलू नये, एवढीच अट आहे.

दुसरी पायरी: रेषा निर्यातीआधी सांधणे

रेषा तुटल्याची तक्रार आली की सगळे पीडीएफला दोष देतात, पण बहुतेक वेळा रेषा मूळ विदेतच तुटलेली असते. ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेला एखादा रस्ता प्रत्येक पुलाशी, प्रत्येक फाट्याशी आणि डांबरी रस्ता संपून कच्चा सुरू होतो तेथे कापलेला असतो. पडद्यावर तो सलग दिसतो खरा; पण चित्रकाराने त्याच्यावर टिचकी मारली की जेमतेम चारशे मीटरचा तुकडा निवडला जातो आणि पूर्ण रस्त्याची जाडी बदलण्यासाठी त्याला पन्नास वेळा टिचक्या माराव्या लागतात. शिवाय तुटक रेषा दिली असेल, तर प्रत्येक तुकड्यापाशी तिची लय नव्याने सुरू होते आणि सांध्यांवर दोन तुकडे चिकटलेले किंवा मोठी फट पडलेली दिसते.

यावर उपाय दोन टप्प्यांचा आहे. प्रथम `Processing Toolbox` मधील `Dissolve` हे साधन रस्त्याच्या नावाच्या किंवा प्रकाराच्या रकान्यावर चालवावे, म्हणजे एकाच नावाचे सगळे तुकडे एका नोंदीत येतात. पण एवढ्याने ते फक्त एका पिशवीत भरले जातात, शिवले जात नाहीत. म्हणून त्या फलितावर `Merge lines` चालवावे, म्हणजे टोकाला टोक भिडणारे तुकडे खरोखर एक रेषा होतात. जेथे तीन रेषा एका बिंदूत मिळतात तेथे हे साधन थांबते आणि ते योग्यच आहे, कारण फाट्यावर कोणती रेषा कोणाची पुढची हे त्याला ठरवता येत नाही. दोन टोकांमध्ये मुळात अर्धा मीटर अंतर असेल तर ती शिवली जाणार नाहीत. अशी टोके मूळ थरातच स्नॅपिंग लावून जुळवावी लागतात. नद्यांनाही हीच प्रक्रिया लावावी. आपल्या नकाशात गुंजवणी आणि कानंदी या दोन नद्या एकेक सलग रेषा म्हणून निघाल्या, तर पुढचे निम्मे काम वाचते.

जाडीबाबत एक नियम पाळावा: ती मिलिमीटरमध्ये किंवा पॉइंटमध्ये द्यावी, पिक्सेलमध्ये देऊ नये. शून्य जाडीची रेषा तर कधीच ठेवू नये. क्यूजीआयएस अशी रेषा उपकरणाला जमेल तेवढी बारीक काढतो, त्यामुळे पडद्यावर ती नीट दिसते आणि छपाईच्या यंत्रावर जवळजवळ नाहीशी होते. साध्या समोच्च रेषांना ०.१ मिलिमीटर, दर पाचव्या रेषेला ०.२ आणि मुख्य रस्त्याला ०.६ असे आकडे मी या प्रमाणासाठी ठरवले. रस्त्याला बाहेरून गडद कड आणि आत पांढरी पट्टी असे दुहेरी चिन्ह दिले असेल, तर प्रत्येक रस्ता पीडीएफमध्ये एकावर एक दोन रेषा म्हणून येतो, ही गोष्ट चित्रकाराला आधीच सांगून ठेवावी, नाहीतर तो वरची रेषा हलवतो आणि खालची तेथेच राहते. रुळांसारखी आडव्या टिकल्यांची रेषा असेल, तर प्रत्येक टिकली सुटा आकार होते. अशा थरासाठी क्यूजीआयएसमधून साधी रेषा द्यावी आणि टिकल्या संपादकात काढाव्यात.

गावांच्या किंवा तालुक्यांच्या सीमा बहुभुज म्हणून रंगवल्या असतील, तर शेजारच्या दोन बहुभुजांची सामाईक सीमा दोनदा काढली जाते. ती अर्धपारदर्शक असली की सामाईक भागात गडद दिसते आणि तुटक रेषा असली की दोन्ही लयी एकमेकींत मिसळून भरीव रेषा तयार होते. सीमांचा वेगळा रेषाथर करून बहुभुजांची कड `No Pen` करावी.

तिसरी पायरी: देवनागरी अक्षरांचा निर्णय

पीडीएफमध्ये मजकूर दोन रूपांत जाऊ शकतो. पहिले रूप म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा: ‘वेल्हे’ हे नाव अक्षरे न राहता एक आकार बनते, जसा जलाशय हा आकार असतो. दुसरे रूप म्हणजे खरा मजकूर, ज्यासोबत फाँट लागतो. क्यूजीआयएस निर्यातीच्या खिडकीत `Text export` समोर हा पर्याय देतो आणि बाह्यरेषांचा पर्याय शिफारशीचा म्हणून दाखवतो.

इंग्रजी नावांच्या नकाशात मजकूर मजकूर म्हणूनच न्यावा असे म्हणायला वाव आहे, कारण चित्रकाराला तो बदलता येतो. देवनागरीत मात्र तो सौदा तोट्याचा ठरतो. ‘सिंहगड’ टंकताना आपण आधी ‘स’ आणि मग ‘ि’ ही मात्रा देतो, पण कागदावर मात्रा ‘स’च्या डावीकडे उभी राहते. ‘वेल्हे’मधले ‘ल्ह’ आपण ल, हलन्त आणि ह अशा तीन खुणांनी टंकतो आणि फाँट त्यांच्या जागी जोडाक्षराची आकृती बसवतो. पीडीएफमध्ये मजकूर म्हणून जाते ती ही बसवून झालेल्या आकृत्यांची रांग, त्याही दिसण्याच्या क्रमाने. नुसते पाहण्यासाठी किंवा छापण्यासाठी हे पुरेसे असते. परंतु संपादक जेव्हा तीच रांग पुन्हा बदलता येण्याजोग्या मजकुरात उलटवू पाहतो, तेव्हा त्याला कोणत्या आकृतीमागे कोणत्या खुणा होत्या याचा अंदाज बांधावा लागतो. तो अंदाज चुकला की ‘ि’ सुटून पुढे येते, जोडाक्षरांत हलन्त उघडा पडतो, आधार नसलेल्या मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. संगणकावर तोच फाँट बसवलेला असला तरी हे घडते. फाँट नसणे हे या बिघाडाचे एक कारण असू शकते. एकमेव कारण ते नव्हे.

म्हणून नकाशावरच्या नावांसाठी `Always Export Text as Paths` हाच पर्याय ठेवावा. नाव चुकले असेल तर ते क्यूजीआयएसमधील रकान्यात दुरुस्त करून थर पुन्हा काढावा. हे गैरसोयीचे वाटते, पण त्यातून एक शिस्त लागते: नावांची अधिकृत प्रत एकच राहते आणि ती विदेत असते. शीर्षक, सूची आणि टिपा मात्र मी क्यूजीआयएसमध्ये लिहितच नाही. त्यांची जागा मोकळी सोडतो आणि मजकूर वेगळ्या फाइलीत देतो, कारण तो संपादकात नव्याने टंकणेच सरळ पडते. इलस्ट्रेटर वापरणाऱ्याने त्यासाठी पसंतींच्या `Type` या पानावर `Show Indic Options` सुरू करावे आणि परिच्छेदाच्या पटलातून दक्षिण आशियाई लिप्यांची जुळणी निवडावी, अन्यथा तेथे नव्याने टंकलेली अक्षरेही सुटी पडतात.

काही कामांत नावेच बदलायची असतात, उदाहरणार्थ एकाच नकाशाची मराठी आणि इंग्रजी आवृत्ती काढताना. तेव्हा पीडीएफचा हट्ट सोडावा आणि केवळ नावांपुरती एसव्हीजी निर्यात करावी. तिसरी थीम तयार करून तिच्यात गावे, नद्या व किल्ले या थरांचे चिन्हांकन `No Symbols` करावे, लेबले चालू ठेवावीत आणि `Export as SVG` मध्ये मजकूर मजकूर म्हणून काढावा. एसव्हीजीमध्ये आकृत्यांऐवजी मूळ युनिकोड खुणा लिहिल्या जातात, त्यामुळे इंकस्केप त्या वाचून जोडाक्षरे स्वतः नव्याने जुळवतो, मात्र तेथे तोच फाँट बसवलेला असायला हवा. नदीच्या वळणावर लिहिलेली नावे या मार्गानेही एकसंध येत नाहीत, कारण वळणावर प्रत्येक अक्षर वेगळे ठेवलेले असते.

बाह्यरेषांच्या मार्गातही देवनागरीचा एक खास खोडा आहे. आपल्या अक्षरांची शिरोरेषा सलग दिसावी म्हणून फाँट तयार करणारे शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा किंचित एकमेकींवर चढवतात. बाह्यरेषा झाल्यावर हे चढलेले भाग तसेच राहतात. संपादकात कोणी नाव उचलून इतर आकारांशी `Combine` केले किंवा रंग भरण्याचा नियम सम-विषम झाला, की दोनदा झाकलेला भाग ‘बाहेरचा’ समजला जातो आणि शिरोरेषेवर दोन अक्षरांच्या मध्ये पांढऱ्या बारीक खाचा उमटतात. एका छापखान्याने मला असा नमुना परत पाठवला होता आणि मी दोन दिवस फाँटला शिव्या देत होतो. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. इंकस्केपमध्ये रंगाच्या पटलावर भरण्याच्या नियमाची दोन लहान बटणे असतात, त्यांतले भरीव भरणारे निवडावे. इलस्ट्रेटरमध्ये `Attributes` पटलावर `Use Non-Zero Winding Fill Rule` निवडावे. कायमचा निकाल लावायचा तर `Union` करून अक्षरे खरोखर जोडून टाकावीत.

नावांच्या जागा निर्यातीपूर्वी पक्क्या करायला विसरू नये. क्यूजीआयएस नावे प्रत्येक वेळी नव्याने मांडतो, त्यामुळे एक थर बंद केला की दुसऱ्याची नावे सरकतात. लेबलांच्या साधनपट्टीवरील हलवण्याच्या साधनाने महत्त्वाची नावे एकदा योग्य जागी ठेवली, की त्या जागा प्रकल्पासोबत साठवल्या जातात आणि वेगवेगळ्या थीम काढल्या तरी बदलत नाहीत. पहिल्या वेळी क्यूजीआयएस प्रत्येक नोंद ओळखण्यासाठी एक रकाना विचारतो. तेथे प्रत्येक नोंदीला वेगळी किंमत असलेला रकाना द्यावा. गावाचे नाव देऊ नये, कारण एकाच नावाची दोन गावे सहज सापडतात.

चौथी पायरी: निर्यात

मुद्रण मांडणीच्या `Layout` या पानावर `Export resolution` ३०० ठेवावे आणि `Print as raster` ची खूण नसल्याची खात्री करावी. त्यानंतर `Layout` मेनूतून `Export as PDF` निवडले, की पर्यायांची खिडकी उघडते.

थर वेगळे राहावेत यासाठी त्या खिडकीत `Create Geospatial PDF` ही खूण करावी लागते. काही आवृत्त्यांत तिच्या पुढे `GeoPDF` असेही लिहिलेले असते. नावावरून ही सोय केवळ अक्षांश-रेखांशासाठी असावी असे वाटते, परंतु प्रत्येक थर स्वतंत्रपणे काढून पीडीएफमध्ये वेगळा ठेवण्याचे काम हीच करते. साध्या निर्यातीत सगळे थर एकाच ओघात रंगवले जातात आणि त्यांची नावे हरवतात. खालच्या यादीत प्रत्येक थराचा गट ठरवता येतो, तेव्हा रस्ते, पाणी, वस्ती असे अर्थपूर्ण गट द्यावेत. `Include vector feature information` मात्र काढून टाकावे. ती सोय पीडीएफमध्ये नोंदींची माहिती पाहण्यासाठी आहे आणि आपल्या कामात तिच्यामुळे फक्त फाइल फुगते.

`Simplify geometries to reduce output file size` या खुणेवर थोडे थांबावे लागेल. ती केली की ठरवलेल्या रिझोल्यूशनला वेगळे दिसू न शकणारे रेषांवरचे बिंदू गाळले जातात. ३०० ठिपके प्रति इंच असताना १/६०० इंचापेक्षा जवळचे बिंदू जातात. म्हणजे कागदावर सुमारे ०.०४ मिलिमीटर आणि आपल्या प्रमाणात जमिनीवर सुमारे ३ मीटर. ए३ आकारात हे कोणाच्याही डोळ्यांना कळणार नाही आणि समोच्च रेषांचा पसारा बराच आटोक्यात येईल. परंतु हाच नकाशा दुप्पट करून ए१ आकाराचा फलक करायचा असेल, तर वळणांवर कोन दिसू लागतात, त्यामुळे तेव्हा ही खूण काढावी. निर्यात चुकून ९६ ठिपक्यांवर झाली असेल तर गाळण जमिनीवर १० मीटरपर्यंत जाते आणि घाटातले नागमोडी रस्ते ए३वरही कोनेदार होतात. रेषा ‘मोडल्या’ असे वाटले तर आधी हा आकडा तपासावा.

डोंगरछायेच्या वेगळ्या निर्यातीत `Disable tiled raster layer exports` ही खूण करावी. मोठे चित्र तुकड्यातुकड्यांनी पीडीएफमध्ये ठेवले गेले तर त्यांच्या सांध्यांवर बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. त्या या खुणेने टळतात.

पाचवी पायरी: पाठवण्यापूर्वी तपासणी

फाइल वाचकात उघडून मोठी करून पाहणे ही पहिली परीक्षा. सोळाशे टक्क्यांवर नदीची कड गुळगुळीत असेल तर ती रेषा आहे, पायऱ्या दिसल्या तर ते चित्र आहे. पण डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा पॉपलर या संचातल्या दोन आज्ञा अधिक खात्रीच्या आहेत. लिनक्सवर तो `poppler-utils` या नावाने मिळतो.

```
pdffonts rajgad.pdf
pdfimages -list rajgad.pdf
```

पहिली आज्ञा फाइलीतील फाँटांची यादी देते. नावे बाह्यरेषा म्हणून गेली असतील तर नुसते मथळे दिसतात, खाली एकही ओळ नसते. ओळ दिसली तर कोठेतरी मजकूर मजकूर म्हणूनच राहिला आहे. दुसरी आज्ञा चित्रांची यादी देते. आपण डोंगरछाया वेगळी काढली असल्याने येथेही यादी रिकामी हवी. तसे नसून साधारण ४४८८ × ३१८९ ठिपक्यांचे एक चित्र दिसले, तर समजावे की नकाशाची पूर्ण चौकट चित्र झाली आहे, कारण ३८० × २७० मिलिमीटरची चौकट ३०० ठिपक्यांना नेमकी एवढी होते. लहान आकाराचे एखादे चित्र दिसले तर ते बहुधा बोधचिन्ह किंवा चित्ररूप खूण असते. ते चालणार असेल तर राहू द्यावे. दोषी थर शोधायचा असेल तर एकेक थर बंद करून निर्यात करत बसण्याऐवजी निम्मे थर बंद करावेत आणि ज्या निम्म्यात चित्र उरते तेथे पुन्हा निम्मे करावेत. पाच थरांसाठी तीन निर्याती पुरतात.

सहावी पायरी: संपादकात उघडणे

चित्रकाराकडे जे सॉफ्टवेअर आहे त्यातच, शक्य झाल्यास त्याच आवृत्तीत, एकदा फाइल उघडून पाहावी. इंकस्केपमध्ये `Ctrl+Shift+L` ने थर आणि वस्तूंचे पटल उघडते. तेथे आपण दिलेले गट थर म्हणून किंवा निदान वेगळे गट म्हणून दिसतात का ते पाहावे. सगळे एकाच गाठोड्यात आले असेल तर वेळ न दवडता दुसरा मार्ग धरावा: प्रत्येक गटाची वेगळी थीम करून वेगळी पीडीएफ काढावी आणि संपादकात एकेक थर बनवून त्यांत त्या ठेवाव्यात. कागद सगळीकडे ४२० × २९७ असल्यामुळे त्या आपोआप जुळतात, आणि नावे पक्की केलेली असल्यामुळे सरकतही नाहीत. हा मार्ग ओबडधोबड आहे, पण तो कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतो, आणि निकडीच्या कामात मी सरळ याच मार्गाने जातो. एसव्हीजीच्या निर्यातीतही थरांचे गट करण्याची `Export map layers as SVG groups` अशी सोय आहे. तिच्यापुढेच नावांच्या जागा बदलू शकतात असा इशारा लिहिलेला असतो आणि तो मनावर घ्यावा.

उघडल्यावर सर्वप्रथम कागदाचा आकार तपासावा. तो वेगळा निघाला तर पुढे केलेली सगळी जाडी आणि अंतरे चुकतील. मग बाह्यरेषांचे दृश्य लावावे. इलस्ट्रेटरमध्ये ते `Ctrl+Y` ने आणि इंकस्केपमध्ये `View` मेनूतील `Display Mode` मधून मिळते. या दृश्यात सगळे रंग निघून जातात आणि कोणती रेषा सलग आहे, कोणती दोनदा आली आहे आणि कोठे चित्राची रिकामी चौकट आहे हे उघडे पडते. गुंजवणीवर टिचकी मारून ती टोकापासून टोकापर्यंत निवडली जाते का ते पाहावे. चौकटीच्या बाहेरही रेषा लोंबकळताना दिसतील. त्या झाकण्यासाठी पीडीएफ कात्रण-आकार वापरते, म्हणून ते आकार सोडवू नयेत; सोडवले तर रस्ते समासात पसरतात.

आकार बदलताना जाडीही प्रमाणात बदलावी की तशीच ठेवावी, हे आधी ठरवावे. इंकस्केपमध्ये निवडीच्या साधनपट्टीवर त्यासाठी बटण आहे आणि इलस्ट्रेटरमध्ये `Scale Strokes & Effects` ही खूण आहे. ती बंद ठेवून ए३चा ए१ केला तर ०.१ मिलिमीटरच्या समोच्च रेषा दुप्पट नकाशावर तेवढ्याच बारीक राहतात आणि दुरून दिसत नाहीत. बाह्यरेषा झालेली नावे मात्र भरीव आकार असल्यामुळे दोन्ही प्रकारे दुप्पट होतात. याच मोठे करण्यात ‘१:७५,०००’ हे लिहिलेले प्रमाण खोटे ठरते, कारण आता ते १:३७,५०० झालेले असते. रेखाप्रमाण पट्टी मात्र नकाशाबरोबर वाढत असल्याने खरी राहते. म्हणून ज्या नकाशाचा अंतिम आकार ठरलेला नाही त्यावर मी केवळ पट्टी ठेवतो आणि आकडा लिहीत नाही.

चित्रकाराला पाठवायच्या पुडक्यात मी पाच गोष्टी ठेवतो. पाच थरांची पीडीएफ, डोंगरछायेची वेगळी फाइल, शीर्षक व सूचीचा युनिकोड मजकूर, वापरलेल्या फाँटचे नाव, आणि क्यूजीआयएसमधून काढलेले संपूर्ण नकाशाचे पीएनजी चित्र. शेवटचे चित्र केवळ ताडून पाहण्यासाठी असते: संपादकातला नकाशा त्याच्याशेजारी ठेवला की सरकलेले नाव किंवा गळालेला ओढा लगेच नजरेत भरतो.